‘समाजमाध्यमे आणि किशोरवयीन मुले’: लेखाचे गुण कुठे जातात आणि कसे मिळवायचे

*आदरणीय मॅडम, मी नागपूरला बारावी कला शाखेत आहे. सराव परीक्षेत ‘समाजमाध्यमे आणि किशोरवयीन मुले’ या विषयावर 200 ते 250 शब्दांत लेख आला होता. मी ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’ अशी सुरुवात केली, मग फायदे लिहिले, मग तोटे लिहिले आणि ‘अति तेथे माती’ म्हणून संपवलं. 10 पैकी 5 मिळाले. सर म्हणाले, सगळ्यांसारखंच लिहून राहिली तू. या विषयात वेगळं लिहायचं तरी काय? परीक्षेत चालेल असा एक लेख पूर्ण लिहून दाखवाल का?*

*– एक विद्यार्थिनी, नंदनवन, नागपूर*

तुझे पाच गुण मांडणीत गेले आहेत, भाषेत नव्हे. फायद्यांची एक यादी आणि तोट्यांची एक यादी लिहिली की लेखापुढे प्रश्नच उरत नाही. ‘माहिती मिळते’, ‘मैत्री वाढते’, ‘वेळ वाया जातो’, ‘डोळे बिघडतात’ यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण प्रत्येक वाक्य सुटं आहे. वरचं खाली नेलं, खालचं वर आणलं, तरी लेखात काही बदलत नाही. वैचारिक लेखनात परीक्षक शोधतात ते वाक्यांमधलं नातं: हे असं आहे, त्यामुळे ते तसं होतं, म्हणून अमुक करायला हवं.

शिवाय हिशेब करून पाहा. अडीचशे शब्दांतून सुरुवात आणि शेवट वगळले की दोनशे उरतात. त्यात चार फायदे आणि चार तोटे बसवले तर एका मुद्द्याला पंचवीस शब्द मिळतात. पंचवीस शब्दांत मुद्द्याचं नाव सांगून होतं, कारण सांगून होत नाही, उदाहरण तर लांबच. म्हणून वेगळं लिहायचं म्हणजे नवीन मुद्दे शोधायचे असं नाही. एकच मुद्दा घ्यायचा आणि तो तळापर्यंत न्यायचा.

या विषयात असे तीन-चार मुद्दे आहेत. फोन खाली ठेवणं अवघड का जातं, हा एक. दुसऱ्यांचे फोटो पाहून स्वतःच्या दिसण्याबद्दल वाटणारा कमीपणा, हा दुसरा. खोटं खातं, धमकी, फोटोचा गैरवापर, म्हणजे सुरक्षितता, हा तिसरा. कायद्याने वयाची अट घालावी का, हा चौथा. यातला कुठलाही निवडला तरी चालेल. निवडताना स्वतःला एवढंच विचारायचं, की या मुद्द्यावर मला कारण माहीत आहे का, एक पक्की माहिती आठवते का, आणि नागपुरातलं एक खरं वाटेल असं उदाहरण देता येतं का. तिन्हींना ‘हो’ आलं तर तो मुद्दा तुझा. खाली आम्ही पहिला घेतला आहे, कारण त्यात कारण, परिणाम आणि उपाय एका ओळीत येतात आणि बारावीच्या मुलीला तो रोजच्या अनुभवातून माहीत असतो.

लिहायला बसण्याआधी या मुद्द्याची सामग्री पाहू. सुरुवात कारणापासून. ‘मुले समाजमाध्यमांच्या आहारी गेली आहेत’ हे सगळे लिहितात, पण का गेली ते कुणी लिहीत नाही. त्यामागे रचना आहे. 2006 मध्ये एझा रास्किन या संगणक रचनाकाराने अशी सोय तयार केली, की पानाच्या शेवटी ‘पुढचे पान’ हे बटण दाबावंच लागू नये, मजकूर आपोआप खालून येत राहावा. बटण होतं तेव्हा दर पानाला एक क्षण थांबावं लागायचं आणि त्या क्षणी ‘आता पुरे’ असं मनात येऊ शकायचं. तो क्षणच गेला. पुढे फेसबुकवर फेब्रुवारी 2009 मध्ये ‘लाइक’चं बटण आलं आणि आपल्या फोटोला किती जणांनी पसंती दिली हे पुन्हा पुन्हा उघडून पाहण्याचं कारण मिळालं. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होणं, दर थोड्या वेळाने वाजणाऱ्या सूचना, हे सगळं त्याच जातीचं. लेखात हे सगळं लिहू नकोस. यातली एकच गोष्ट नीट लिहिली, तर परीक्षकांना कळतं की विद्यार्थिनीला विषय आतून माहीत आहे.

दुसरी सामग्री म्हणजे आकडा. इथे फार जपून जावं लागतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ‘एका सर्वेक्षणानुसार 80 टक्के मुले व्यसनाधीन आहेत’ अशी वाक्यं उत्तरपत्रिकांत सर्रास दिसतात. कुठलं सर्वेक्षण, कुणाचं, कधीचं, याचा पत्ता नसतो. असा आकडा मनाने रचलेला आहे हे परीक्षकांना लगेच ओळखू येतं, आणि मग बाकीच्या खऱ्या विधानांवरचाही विश्वास उडतो. आकडा पक्का आठवत नसेल तर देऊच नये. त्याशिवायही लेख उत्तम होतो.

द्यायचाच असेल तर हा एक पाठ करून ठेव. ‘प्रथम’ या संस्थेचा ‘असर’ हा शिक्षणविषयक पाहणी अहवाल आहे. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांना स्मार्टफोनबद्दल विचारलं होतं. सुमारे 82 टक्के मुलांना तो वापरता येत होता. त्यांच्यातल्या 57 टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, आणि 76 टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी.

आता हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही ते बघ. ‘मुले 76 टक्के वेळ समाजमाध्यमांवर घालवतात’ असं लिहिलंस तर ते साफ चूक आहे. पाहणीत किती वेळ वापरला ते मोजलेलं नाही. आठवड्यात वापरला की नाही एवढंच विचारलं आहे. 57 आणि 76 यांची बेरीज शंभराच्या वर जाते, कारण कितीतरी मुलांनी दोन्ही कामं केली आहेत. आणि पाहणी ग्रामीण भागातली आहे, म्हणून ‘नागपूर शहरातील 76 टक्के मुले’ असंही लिहिता येत नाही. काटोल किंवा रामटेकच्या खेड्यांतल्या मुलांविषयी बोलतानाही तो देशाचा आकडा आहे हे सांगावं लागतं. म्हणजे आकड्यासोबत चार गोष्टी याव्यात: कुणाचा, कुठल्या वर्षीचा, कुणाविषयीचा आणि नेमकं काय मोजलं. या चार गोष्टी एका वाक्यात बसतात. पुढच्या नमुन्यात त्या कशा बसवल्या आहेत ते पाहा.

असाच घोटाळा आणखी दोन ठिकाणी होतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत तिथल्या सरकारच्या वतीने बोलणाऱ्या प्रमुख डॉक्टरांनी, मे 2023 मध्ये एक सूचनापत्र काढलं. दिवसाला तीन तासांहून जास्त वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या किशोरांना नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असतो, असं त्यात आहे. याचा अर्थ दोन गोष्टी सोबत आढळतात असा आहे. आधीच खिन्न असलेला मुलगा फोनकडे जास्त वळत असेल, हीही शक्यता राहते. म्हणून ‘समाजमाध्यमांमुळे नैराश्य येते’ असं ठाम न लिहिता ‘धोका जास्त आढळतो’ असं लिही. दुसरा घोटाळा कायद्याचा. आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांसाठी शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ हे कलम अजूनही जुन्या नोट्समध्ये सापडतं आणि मुलं ते उतरवतात. सर्वोच्च न्यायालयाने ते 24 मार्च 2015 रोजीच रद्द केलं आहे. सुरक्षिततेचा मुद्दा घेतलास तर या कलमाऐवजी 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक आणि 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी यांचा उल्लेख कर. ते उपयोगाचे आहेत आणि अचूकही.

तिसरी सामग्री उदाहरण. ‘माझा एक मित्र होता, तो फोनच्या नादाने नापास झाला’ ही गोष्ट नको. ती खरी वाटत नाही आणि दोन ओळींत नापास झालेल्या मित्राबद्दल वाचणाऱ्याला काही वाटतही नाही. त्याऐवजी वेळापत्रक मांड. सकाळच्या शिकवणीसाठी सहाला उठणारी मुलगी रात्री साडेबाराला फोन ठेवते, तर तिला साडेपाच तास झोप मिळते. हे साधं गणित वाचणाऱ्याच्या घरातलं असतं. तेरा ते अठरा वयात रोज 8 ते 10 तास झोप लागते, ही वैद्यकशास्त्राची शिफारस त्याच्याशेजारी ठेवली की तुलना आपोआप होते. मग ‘आरोग्यावर घातक परिणाम होतात’ असं वेगळं म्हणायची गरज राहत नाही.

आता आराखडा. वैचारिक लेखासाठी पंचवीस ते तीस मिनिटं धर आणि त्यातली पहिली पाच मिनिटं कच्च्या कामाला दे. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर ‘कच्चे काम’ असं लिहून चार ओळी उतरव, प्रत्येक परिच्छेदाला एक. आपल्या लेखासाठी त्या अशा होतील: ‘फोन का सुटत नाही – रचना’, ‘किंमत काय – झोप’, ‘काढून का घेता येत नाही – अभ्यासही त्यातच’, ‘थांबा कोण देणार – घर, कॉलेज’. या चार ओळी सलग वाचल्या की लेखाचा युक्तिवाद पूर्ण कळतो. तसा कळला नाही, तर लिहायला सुरुवातच करू नकोस, आधी ओळी बदल.

शब्द मोजत बसायची गरज नसते. तुझ्या अक्षरात एका ओळीत किती शब्द मावतात ते घरीच एकदा मोजून ठेव. बहुतेकांचे आठ-नऊ मावतात. म्हणजे अडीचशे शब्द सुमारे तीस ओळींत होतात, आणि प्रत्येक परिच्छेदाला सात-आठ ओळी येतात. परिच्छेद बारा ओळींवर गेला, तर त्यात दुसरा मुद्दा घुसला आहे असं समज.

आता पूर्ण लेख. आम्ही तुझ्याशी बोलतो आहोत तशी भाषा यात नाही, प्रमाण लेखी मराठी आहे. परीक्षेत तीच हवी.

बोट थांबत नाही, कारण थांबाच नाही

वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, मालिकेचा भाग संपतो. समाजमाध्यमावरचा मजकूर मात्र कधीच संपत नाही. 2006 मध्ये एझा रास्किन या संगणक रचनाकाराने पान न उलटता मजकूर आपोआप पुढे येत राहील अशी सोय तयार केली. आज बहुतेक समाजमाध्यमे याच पद्धतीने चालतात. म्हणून किशोरवयीन मुले फोन सोडत नाहीत, या तक्रारीत केवळ मुलांचा दोष पाहणे अपुरे आहे. फोन सहज सुटू नये, अशीच त्याची रचना आहे.

याची पहिली किंमत झोपेला मोजावी लागते. तेरा ते अठरा या वयात रोज 8 ते 10 तास झोप आवश्यक असते. सकाळच्या शिकवणीसाठी सहाला उठणारी नागपूरची विद्यार्थिनी रात्री साडेबाराला फोन ठेवते, तेव्हा तिच्या वाट्याला जेमतेम साडेपाच तास येतात. दुसऱ्या दिवशी वर्गात तिचे लक्ष लागत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘तिला अभ्यासाची आवडच नाही.’

मग फोन काढून घ्यावा का? तसे करणे सोपे नाही. ‘असर’ 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातील 14 ते 16 वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 76 टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता. पण 57 टक्के मुलांनी तो अभ्यासासाठीही वापरला होता. करमणुकीची आणि अभ्यासाची वाट एकाच यंत्रातून जाते. एक बंद केली, तर दुसरीही बंद होते.

त्यामुळे जो थांबा यंत्रात नाही, तो घराने द्यायला हवा. रात्री दहानंतर आई-वडिलांसह सर्वांचे फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. अभ्यासाच्या गटाखेरीज इतर सूचनांचा आवाज बंद ठेवावा. शिक्षकांनीही दुसऱ्या दिवशीच्या सूचना रात्री नऊच्या आत पाठवाव्यात. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांची खाती रोखण्याची जबाबदारी कायद्याने कंपन्यांवर टाकली आहे. आपल्याकडे तसा कायदा होईल तेव्हा होईल. रात्री दहाला फोन ठेवण्यासाठी त्याची वाट पाहावी लागत नाही.

हा लेख तुझ्या मर्यादेत बसतो. आता तो का उभा राहतो ते पाहू.

सुरुवातीला विज्ञानयुग नाही, इंटरनेटचा शोध नाही, ‘माणूस हा समाजशील प्राणी आहे’ हेही नाही. अशा सुरुवाती मोबाइल, दूरदर्शन, संगणक, कुठल्याही विषयाला चिकटतात, आणि परीक्षकांनी त्या दिवसात त्या शंभर वेळा वाचलेल्या असतात. इथे पहिल्याच वाक्यात निरीक्षण आहे आणि ते याच विषयाचं आहे. स्वतःची सुरुवात तपासायची सोपी कसोटी अशी: विषयाचं नाव झाकून पहिलं वाक्य वाच. विषय ओळखू आला तर सुरुवात जमली.

त्याच परिच्छेदाच्या शेवटी भूमिका आली आहे. केवळ मुलांचा दोष नाही, रचनेचाही आहे. वैचारिक लेखात मत पहिल्या सात-आठ ओळींत यायला हवं. शेवटापर्यंत राखून ठेवलं तर वाचणाऱ्याला मधल्या परिच्छेदांचं प्रयोजन कळत नाही. आणि भूमिका टोकाचीच असावी लागते असं नाही, ती ओळखू यावी एवढंच.

तिसरा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तिथे विरुद्ध बाजू येते. तुझ्या उत्तरात ती ‘फायदे’ या शीर्षकाखाली होती, म्हणून ती युक्तिवादाच्या उपयोगी पडली नाही. इथे ती प्रश्न म्हणून येते: मग फोन काढून घ्यावा का? वाचणाऱ्याच्या मनात नेमका हाच प्रश्न उठलेला असतो. उत्तर देताना आकडा कामाला येतो. लक्षात घे, 76 हा आकडा मुलांना दोष द्यायला वापरलेला नाही. 57 च्या सोबतीने तो दाखवतो की एकच यंत्र दोन्ही कामं करतं. आकडा शोभेसाठी आला तर तो ओझं होतो. तो काढून टाकल्यावर परिच्छेदाचा युक्तिवाद ढासळला पाहिजे. नाही ढासळला, तर तो तिथे नकोच होता.

उपायांचा परिच्छेद बहुतेकांचा इथेच फसतो. ‘पालकांनी मुलांकडे लक्ष द्यावे’, ‘मुलांनी संयम बाळगावा’, ‘सरकारने कठोर पावले उचलावीत’. या वाक्यांत कुणी, कधी, काय करायचं हे नसतं, म्हणून ती वाचून कुणी काहीच करत नाही. वरच्या लेखात प्रत्येक उपायाला माणूस आहे, वेळ आहे आणि कृती आहे. आणि प्रत्येक उपाय आधी सांगितलेल्या कारणावरच आहे. कारण झोपेचं सांगितलं आणि उपाय खोट्या खात्यांचा दिला, तर लेख मधेच तुटतो. शिक्षकांच्या सूचनांचं वाक्य आम्ही मुद्दाम घातलं. रात्री अकराला वर्गाच्या गटावर उद्याच्या तासाची वेळ बदलल्याचं कळतं, म्हणूनही मुलं फोन जवळ ठेवतात. उपाय सुचवताना जबाबदारी सगळी मुलांवर न टाकणारा लेख जास्त प्रामाणिक वाटतो, आणि तो तसा असतोही.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचा उल्लेख एकाच वाक्यात आहे. तो 2024 मध्ये संमत झाला आणि 10 डिसेंबर 2025 पासून लागू झाला. त्यात शिक्षा कंपन्यांना आहे, मुलांना किंवा पालकांना नाही. ‘ऑस्ट्रेलियात मुलांनी समाजमाध्यम वापरले तर दंड होतो’ असं लिहू नकोस. भारताबद्दल लिहायचं असेल तर 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानलं आहे, तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. पण तो वापरावर बंदी घालणारा कायदा नाही. ही दोन कायद्यांतली तफावत चौथा मुद्दा निवडणाऱ्यांना फार उपयोगी पडेल.

आता भाषेकडे. तू मुळात शुद्ध लिहितेस हे पत्रावरून दिसतं, म्हणून या विषयात घसरण्याच्या जागा तेवढ्या सांगतो. समाजमाध्यम, किशोरवयीन, दुष्परिणाम हे शब्द जोडून लिहायचे. ‘परिणाम’ला पहिली वेलांटी, ‘विद्यार्थी’ला दुसरी, पण ‘विद्यार्थिनी’मध्ये ‘र्थि’ पहिली. फोन, लाइक, चार्जिंग असे रुळलेले शब्द देवनागरीत बिनधास्त लिहावेत. त्यांना ओढूनताणून संस्कृत पर्याय शोधले तर लेख कृत्रिम वाटतो. पण ‘मुले रील्स स्क्रोल करून टाइमपास करतात’ असं एकाच वाक्यात तीन-तीन आले, तर मराठी लेख राहत नाही. ‘मुले छोट्या चित्रफिती पाहण्यात वेळ घालवतात’ हे सहज सुचायला हवं. आणि ‘मुले फोन पाहून राहिली आहेत’ ही आपल्या नागपूरची बोली घरात, कथेतल्या संवादात गोड लागते. वैचारिक लेखात ‘पाहत आहेत’ लिही. सबंध लेखात ‘मुले, केले, असते’ हीच रूपं ठेव, मधेच ‘मुलं, केलं, असतं’ आलं की गुण जातात.

लेखाला शीर्षक असावं, पण ‘समाजमाध्यमे आणि किशोरवयीन मुले’ हे प्रश्नातलंच पुन्हा लिहू नये. शीर्षकातून भूमिका कळली तर उत्तम. ते शेवटी सुचतं, म्हणून सुरुवातीला एक ओळ कोरी सोड. लेखक म्हणून खाली स्वतःचं नाव, कॉलेज किंवा गाव लिहू नकोस. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत ओळख उघड करायची नसते. लेखातल्या उदाहरणात ‘नागपूर’ हा शब्द आला तर त्याने ओळख उघड होत नाही, पण ‘आमच्या अमुक महाविद्यालयात’ असं नको.

प्रश्न थोडा बदलून आला तर काय करायचं? ‘समाजमाध्यम: शाप की वरदान?’ असा आला, तर हीच चार परिच्छेदांची रचना चालते, फक्त पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी त्या प्रश्नाचं थेट उत्तर द्यावं लागेल: शाप किंवा वरदान ठरवते ती वापराची वेळ आणि रचना. प्रश्नासोबत मुद्दे छापून आले असतील, तर मात्र एकच मुद्दा घेऊन चालणार नाही. छापलेल्या प्रत्येक मुद्द्याला किमान एक पूर्ण वाक्य द्यावंच लागतं. अशा वेळी एक मुद्दा सविस्तर लिही आणि बाकीचे त्याला जोडून घे. उदाहरणार्थ, ‘सायबर गुन्हे’ हा मुद्दा दिला असेल, तर झोपेच्या परिच्छेदात लिहिता येईल की मध्यरात्री एकटीने फोन पाहणाऱ्या मुलीला अनोळखी व्यक्तीचा त्रासदायक संदेश आला, तर विचारायला जवळ कुणी जागं नसतं. तिथेच 1930 आणि 1098 येतात, आणि वेगळा परिच्छेद लागत नाही.

उपयोजित मराठीत हाच विषय वृत्तलेख म्हणून आला तर सुरुवात बदलते. वृत्तलेखाला ताज्या घटनेचा आधार लागतो: एखादा नवा कायदा, प्रसिद्ध झालेला अहवाल, शहरात झालेला कार्यक्रम. वरच्या लेखात शेवटी असलेलं ऑस्ट्रेलियाचं वाक्य तिथे तारखेसह पहिल्या ओळीत जाईल, मग त्यामागची पार्श्वभूमी, मग नागपुरातली स्थिती. स्वतःचं मत तिथे मागे राहतं, माहिती पुढे येते. ‘करावेत, ठेवावा’ अशी उपदेशाची क्रियापदं वृत्तलेखात टाळ.

सरावासाठी हाच लेख पाठ करू नकोस. दुसरा मुद्दा, दिसण्याची तुलना, घेऊन त्याच्या चार ओळी कच्च्या कामाच्या कागदावर उतरव. त्यासाठी एक माहिती देतो: 2021 मध्ये फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रं फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने उघड केली. त्यांत होतं, की स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी 32 टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिक वाईट वाटतं असं सांगितलं. ‘आधीच वाईट वाटत असलेल्या’ हे शब्द वाक्यातून गाळू नकोस. चार ओळी जमल्या की आठ-नऊ दिवसांनी घड्याळ लावून लेख लिही आणि सरांना दाखवताना फक्त तिसरा परिच्छेद तपासून माग. विरुद्ध बाजू तिथे खरोखर प्रश्न होऊन आली आहे की पुन्हा यादी होऊन, एवढंच त्यांना पाहायला सांग.